पत्र्याच्या छपरावरचा पावसाचा आवाज कमी कसा करावा: कोकणातल्या घरासाठी टप्प्याटप्प्याने

कोकणात कौले उतरवून पत्रा घालणारी घरे दर उन्हाळ्यात वाढत आहेत. कारणे सगळ्यांना माहीत आहेत. माकडे कौले फोडतात, आणि दरवर्षी कौले परतायला माणसे मिळत नाहीत. पत्रा घातला की गळती थांबते. मग जुलै येतो आणि माजघरात शेजारी बसलेल्याशीही आवाज चढवून बोलावे लागते, मुलांचा अभ्यास होत नाही, म्हाताऱ्या माणसांना रात्रभर झोप लागत नाही. आमच्या कुडाळकडच्या चिऱ्याच्या घरात या सगळ्यातून गेल्यावर जे कळले ते इथे क्रमाने लिहिले आहे. बाजारात याच्या नावाखाली बऱ्याच गोष्टी विकल्या जातात आणि त्यातल्या काहींचा आवाजाशी फारसा संबंध नसतो. म्हणून पैसे घालण्याआधी हे वाचावे.

आधी कारण समजून घ्या. मंगलोरी कौलांच्या छपराचे वजन दर चौरस मीटरला साधारण ४० किलो असते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन जेमतेम ४ किलो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ८ ते ९ मीटर वेगाने येऊन आदळतो. जड कौल त्याने हलत नाही, पातळ पत्रा मात्र थरथरतो. ती थरथर खालच्या हवेत उतरते आणि आपल्याला आवाज म्हणून ऐकू येते. वाजणाऱ्या झांजेला बोट लावले की ती गप्प होते, तसे पत्र्याला काहीतरी चिकटलेले असेल तर तो कमी वाजतो. एवढ्याने भागत नाही. उरलेला आवाज खोलीत उतरू नये म्हणून मध्ये जड पडदा लागतो. म्हणजे कामे दोन आहेत: पत्र्याची थरथर दाबणे, आणि उरलेल्या आवाजाची वाट अडवणे. पुढचे सगळे टप्पे या दोनपैकी एकाचे आहेत. कोणी एखादी वस्तू विकायला आला तर त्याला हाच प्रश्न विचारा, की ही यातले कुठले काम करते?

१. आधी आवाज कुठला ते ओळखा

जोराच्या पावसात खोलीच्या मधोमध उभे राहून नीट ऐका. पत्र्याच्या घरात तीन वेगळे आवाज एकत्र झालेले असतात.

पहिला थेंबांचा. सगळ्या छपरावर सारखी तडतड, आणि पाऊस वाढला की तिचा एकसंध घोष होतो. दुसरा वाऱ्याचा. झोत आला की एखाद्या कोपऱ्यात थाडथाड होते आणि वारा पडला की थांबते. याचा अर्थ तिथला पत्रा सैल आहे. तिसरा पावळीचा. वरच्या छपराचे पाणी पडवीच्या किंवा मागच्या पडघराच्या खालच्या पत्र्यावर धारेने पडत असते. पाऊस थांबल्यावरही हा आवाज बराच वेळ चालू राहतो. छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या गळत असतील तर तोही यातच येतो.

हे ओळखणे महत्त्वाचे, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या आवाजाचा इलाज स्वस्त आहे आणि तो छतात काहीही न भरता होतो. मोबाइलवर आवाज मोजण्याचे फुकट ॲप मिळते. त्याचा आकडा अचूक नसतो, पण त्याच फोनने, त्याच जागी उभे राहून, कामाआधी आणि कामानंतर मोजले तर तुलना करता येते. १० डेसिबलने आकडा उतरला तर कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. ३ डेसिबलचा फरक कसाबसा जाणवतो. विक्रेता जेव्हा ‘५ डेसिबल कमी होईल’ म्हणतो तेव्हा हे प्रमाण डोक्यात असू द्या.

२. सैल ते घट्ट करा, पावळी अडवा

एप्रिल-मे महिन्यांत, सकाळी पत्रा तापायच्या आत, माणूस वर चढवून प्रत्येक स्क्रू तपासून घ्या. वॉशरचे रबर उन्हाने कडक होऊन तडकते. मग स्क्रू घट्ट दिसला तरी पत्रा त्याच्या खाली नाचतो. असे वॉशर बदलायचेच. स्क्रू आवळताना रबर थोडे दबले की थांबायचे. ड्रिल मशीन पूर्ण ताकदीने चालवून रबर चिरडले तर आवाज जाईल आणि गळती येईल.

दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढतात ती लगत, मोभावरचा पत्रा आणि वळचणीची कड या तीन जागा वाऱ्यात जास्त वाजतात. लगतीत ब्यूटाइल टेपची पट्टी घालून मध्ये एखादा स्क्रू वाढवला की पत्र्यावर पत्रा आपटत नाही. वळचणीला पत्रा शेवटच्या पाइपाच्या पुढे फूटभरापेक्षा जास्त लोंबत असेल तर कडेला आणखी एक पाइप घ्या.

वरच्या छपराला पन्हळ लावली आणि तिचे पाणी नळीने थेट जमिनीवर सोडले, की तिसरा आवाज संपतो. ज्या घरांना दोन पातळ्यांची छपरे आहेत त्यांनी बाकी काही करण्याआधी हे करावे. आमच्याकडे मागच्या खोलीत सगळ्यात मोठा फरक या एका पन्हळीने पडला. त्या खोलीच्या छतावर मग वेगळा खर्च करावा लागला नाही.

३. नवा पत्रा घेणार असाल तर

दुकानात पत्र्याची घडी, म्हणजे त्याचा आकार, हा पहिला विषय निघतो. उंच कण्यांचा, म्हणजे उभ्या उंचवट्यांचा, ट्रॅपेझॉइडल, नागमोडी, कौलाच्या आकाराचा, असे प्रकार दाखवतात आणि ‘हा कमी वाजतो’ असे सांगतात. घडीने पत्रा ताठ होतो. दोन कण्यांमधला रुंद सपाट भाग सगळ्यात जास्त थरथरतो, म्हणून सपाट पट्टे अरुंद असलेला किंवा मध्ये बारीक कणे असलेला पत्रा घ्यावा. कौलाच्या आकाराचा पत्रा त्याच्या पायऱ्यांमुळे आडवाही ताठ असतो आणि वाऱ्यात फडफडत नाही. पण थेंबांच्या तडतडीत घडीने पडणारा फरक थोडाच असतो. ताठ पत्राही वाजतो, फक्त त्याचा सूर बदलतो.

याला अपवाद खडी बसवलेल्या पत्र्याचा. पोलादावर चिकट लेपात बारीक दगडी खडी बसवलेली असते. खडीमुळे थेंब फुटतो आणि लेपामुळे पत्र्याची थरथर दबते. तो महाग असतो, पण नवे छपर करत असाल आणि खाली छत करायचे नसेल तर विचार जरूर करा.

जाडीबद्दल एक सापळा आहे. ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणून दिलेल्या पत्र्यात रंगाची आणि जस्ताच्या लेपाची जाडी धरलेली असते. नुसत्या पोलादाची जाडी किती हे बिलावर लिहून मागा. जाड पत्रा टिकायला चांगला आणि माकडांच्या उड्यांनी चेपत नाही, म्हणून घ्यावा. आवाजासाठी मात्र ०.४० वरून ०.५० मिमीवर गेल्याने जेमतेम २ डेसिबल मिळतात. ॲल्युमिनियमचा पत्रा गंजत नाही म्हणून खाडीकाठी घेतात. त्याच जाडीला त्याचे वजन पोलादाच्या एक तृतीयांश असते, त्यामुळे तो जास्त वाजतो.

जुन्या घराचे वासे आणि आढे शाबूत असतील तर आणखी एक मार्ग आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यात चांगला. खाली पत्रा घालायचा आणि त्यावर पुन्हा कौले बसवायची. पाऊस कौलांवर पडतो, पत्रा फक्त गळती अडवतो. माकडाने कौल फोडले तरी घरात पाणी येत नाही. यात रिपा थेट पत्र्यावर आडव्या ठोकायच्या नाहीत, कारण त्यांच्यामागे पाणी आणि पालापाचोळा अडतो. आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यावर आडव्या रिपा, म्हणजे पाणी खालून वाहून जाते. हे वजन जुने लाकूड पेलेल, कारण ते कौलांसाठीच घातलेले होते. लोखंडी पाइपांचा हलका सांगाडा मात्र पेलेलच असे नाही. तिथे हा विचार सोडून द्या.

४. पत्र्याच्या पोटाला थर

पत्रा अजून बसवायचा असेल तर सर्वांत परिणामकारक थर म्हणजे अखंड फळ्यांचा किंवा सिमेंट बोर्डाचा पाट, त्यावर बिटुमेनचा जाड कागद आणि वर पत्रा. पत्र्याचे सपाट पट्टे खाली टेकलेले राहतात, म्हणून ते थरथरू शकत नाहीत. लोखंडी सांगाड्यावर हे परवडत नसेल तर ८ ते १० मिमी जाडीचा, एका बाजूला गोंद असलेला एक्सएलपीई फोम पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटवून मगच पत्रा वर चढवावा.

पत्रा आधीच बसलेला असेल तर हाच फोम खालून लावता येतो. काम किचकट आहे. पत्र्याचे पोट आधी ब्रशने झाडून, थिनरने पुसून कोरडे करावे लागते. धूळ राहिली तर वैशाखात पत्रा तापल्यावर फोमचे पडदे लोंबू लागतात. फोम सपाट पट्ट्यांवर पूर्ण चिकटला पाहिजे. कण्यांच्या पोकळीत नाही गेला तरी चालतो, कारण वाजतात ते सपाट पट्टे. वेल्डिंगचे सगळे काम फोम लावण्याआधी उरकून घ्या, नाहीतर ठिणगीने पेट घेण्याचा धोका असतो.

या थराने तडतडीतला टोचणारा, तीक्ष्ण भाग जातो. खालचा घुमणारा घोष बराचसा राहतो. झोपेच्या खोलीसाठी तेवढे पुरत नाही, पडवी किंवा स्वयंपाकघरासाठी पुष्कळ होते.

आता चकवणाऱ्या वस्तू. चांदीसारखी चमकणारी बबल शीट पाइपांखालून ताणून लावतात. तिने उकाडा कमी होतो. पण ती पत्र्याला चिकटलेली नसते आणि तिला वजनही नसते, म्हणजे वर सांगितलेल्या दोन कामांपैकी एकही ती करत नाही. थर्माकोलचेही तसेच, शिवाय तो पेटतो आणि उंदीर पोखरतात. पफ पॅनेल उष्णतेला उत्तम आहे आणि साध्या पत्र्यापेक्षा कमी वाजते, पण आतला फोम हलका आणि ताठ असल्यामुळे आवाजाच्या बाबतीत निराशा होऊ शकते. पॅनेलच घ्यायचे तर रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, भरलेले मागा. पत्र्यावर माडाची झावळे पसरण्याची जुनी पद्धत आवाजाला खरोखर उतार देते. पण ती ओली राहून पत्रा गंजवतात आणि उन्हाळ्यात वाळून आगीला निमंत्रण होतात.

५. झोपेच्या खोलीला जड छत

इथे बहुतेक लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर लिहितो. नेहमीचे फॉल्स सीलिंग म्हणजे पत्र्याच्याच पाइपांना पट्ट्या लटकवून खाली एक पातळ बोर्ड, आणि त्यात दिव्यांसाठी पाडलेली भोके. पत्र्याची थरथर पाइपातून पट्टीत, पट्टीतून बोर्डात उतरते आणि उरलेला आवाज भोकांतून येतो. छत दिसते छान, पण त्यामानाने आवाज फारसा कमी होत नाही.

त्याऐवजी छत पत्र्याच्या सांगाड्याला कुठेही न लागता भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतःच्या पाइपांवर उभे करायचे. १२ बाय १५ फुटांची खोली धरू, म्हणजे १८० चौरस फूट. १२ फुटांच्या बाजूने ६० × ४० मिमीचे, २ मिमी जाडीचे बॉक्स पाइप, ६० मिमीची बाजू उभी ठेवून, साधारण दर २ फुटांवर टाकायचे. सात पाइप लागतात. चिरा मऊ असतो, त्यात नुसता अँकर बोल्ट ठोकून भरवसा ठेवू नका. भिंतीत खोबण कोरून पाइपाचे टोक आत घ्या आणि काँक्रीटने भरा. पाइप पुरतात का हे बघून घ्यायचे काम आपल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या, कारण खोली रुंद असेल तर मोठा पाइप लागेल.

पाइपांच्या खाली १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर. बोर्ड ६ बाय ४ फुटांचा असतो, म्हणजे एका थराला आठ, दोन थरांना सोळा, आणि काटछाट धरून एखादा जास्त. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. वजन दर चौरस मीटरला १७ किलोच्या आसपास, म्हणजे या खोलीला जवळपास २८० किलो. हे वजनच आवाज अडवते, म्हणून ते कमी करण्याचा आग्रह कोणी धरला तर ऐकू नका. आमच्या हवेत ओल फार असते, त्यामुळे ओल सोसणारा जिप्सम किंवा ८ मिमीचा फायबर सिमेंट बोर्ड घेतलेला बरा.

बोर्डाच्या वर, पाइपांच्या मधल्या जागेत, ५० मिमी जाडीचे रॉकवूल. घनता घनमीटरला ४८ ते ६४ किलो पुरते. एका लादीचे माप १ मीटर × ०.६ मीटर धरले तर १८० चौरस फुटांना २८ लाद्या लागतात, ३० मागवा. वूल सैल ठेवायचे, दाबून कोंबायचे नाही. त्याचे काम पत्रा आणि बोर्ड यांच्यामधला घुमणारा आवाज शोषणे हे आहे. नुसते वूल, खाली जड बोर्ड नसताना, फारसे काही करत नाही, आणि नुसता बोर्ड वूलशिवाय घुमतो. दोन्ही मिळूनच फरक पडतो. पत्रा आणि बोर्ड यांच्यात निदान ६ ते ८ इंच अंतर असू द्या. उतरत्या छपराखाली सपाट छत केले तर मोभाखाली ते आपोआप जास्त मिळते.

काम सुरू करण्याआधी हे जमवून ठेवा:

- मापांसह खोलीची साधी आकृती, पंखा आणि दिव्यांच्या जागा खुणा करून
- बॉक्स पाइप, गंजरोधक रंग, खोबणीसाठी काँक्रीट
- बोर्ड, ड्रायवॉल स्क्रू, सांध्यांची टेप आणि मसाला
- पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळलेले रॉकवूल, हातमोजे, मास्क, चष्मा
- ॲक्रिलिक सीलंट आणि त्याची गन
- उंदरांसाठी बारीक जाळी

पंख्याचा हुक बोर्डाला नाही, स्वतंत्र पाइपाला. दिवे बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे घ्या. गाडून बसवायचे दिवे घेतले तर प्रत्येक दिव्यामागे एक भोक पडते. वायरिंग वूल अंथरायच्या आधी नळीतून करून घ्या.

पत्रा आधी पूर्ण गळतीमुक्त असला पाहिजे. पाइपने पाणी मारून वरून तासभर तपासा. ओले वूल महिनोन् महिने वाळत नाही, आणि डाग बोर्डावर उतरतो. रात्री पत्रा थंड पडला की त्याच्या पोटाला दव धरते आणि ते थेंबाने खाली पडते, म्हणूनच वूलला पॉलिथिन हवे. माळ्याच्या दोन्ही टोकांना हवा खेळायला झरोके ठेवा आणि त्यांना जाळी लावा. नाहीतर उंदीर किंवा उदमांजर पहिल्याच पावसाळ्यात वूलमध्ये बिऱ्हाड करतात. वर जायला एक झडप ठेवा, तीही दोन बोर्डांची आणि कडेने रबर लावलेली.

जुने सिमेंटचे पत्रे असलेल्यांनी एक काळजी घ्यावी. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यांना भोक पाडू नका, घासू नका, कापू नका. हे छत पत्र्याला हात न लावता होते, म्हणून तिथेही चालते.

६. फटी

जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. छताच्या चारी कडा आणि भिंत यांच्यात ५ मिमी फट ठेवून ती सीलंटने भरा. बोर्ड भिंतीला घट्ट टेकवला तर सांधा पुढे तडकतो. वायरींची भोके बंद करा.

मग भिंतीच्या माथ्याकडे बघा. कौलारू घरात भिंत छपरापर्यंत पूर्ण नेलेली नसते, हवेसाठी वर उघडी जागा असते. शेजारच्या खोलीला छत केले नाही तर तिथला आवाज मधल्या भिंतीवरून माळ्यात आणि दाराच्या फटीतून आपल्या खोलीत येतो. दाराखाली रबराची पट्टी लावणे हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि बहुतेक जण तो विसरतात. खिडकीची तावदाने सैल असतील तर वळचणीचा आवाज तिथून येतो.

७. पहिल्या पावसात तपासणी

मृग लागल्यावरच्या पहिल्या जोरदार सरीत पुन्हा त्याच जागी उभे राहून मोजा. आवाज सगळीकडून सारखा आणि खोल ऐकू येत असेल तर छत नीट बसले आहे. एका बाजूने जास्त येत असेल तर तिथे फट आहे, कान भिंतीलगत नेऊन शोधा. छतावर हात ठेवून बघा. बोर्ड बोटांना थरथरताना जाणवला तर कुठेतरी पाइप पत्र्याच्या सांगाड्याला टेकला आहे. झडपेतून वर जाऊन ती जागा शोधा आणि मध्ये अंतर करा.

गणपतीच्या आधी एकदा झडप उघडून वूलवर हात फिरवा. पॉलिथिनवर पाण्याचे डबके दिसले तर वरचा स्क्रू गळतो आहे. त्या जागेची खूण पत्र्यावर खालून खडूने करून ठेवा, म्हणजे पाऊस उघडल्यावर वर चढणाऱ्याला नेमका तोच स्क्रू सापडेल.